मेल परत जातात, म्हणजे जागा मेलनेच खाल्ली असे नाही

वाचकाचे पत्र

मी आमच्या गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. संस्थेचा सगळा पत्रव्यवहार माझ्या 2009 पासूनच्या घरच्याच जीमेल खात्यावरून चालतो. गेल्या पंधरवड्यापासून सभासदांचे मेल त्यांच्याकडेच परत जाऊ लागलेत. माझ्या खात्यातली जागा भरलीय असं त्यांना कळवलं जातं. मी दोन दिवस बसून जाहिरातींचे चार हजार मेल पुसले. फोनवर गूगल फोटोजमधलं जागा मोकळी करण्याचं बटणही दाबलं. तरी 15 पैकी 14.8 जीबी भरलेलीच दिसते. इतक्या वर्षांचे मेल साठलेत, तेच नडत असणार. मुलगा म्हणतो, पैसे भर आणि मोकळी हो. मला वाटतं, नवं खातं उघडावं. काय करू?

उत्तर

नमस्कार.

नवे खाते आणि पैसे या दोन्हींचा विचार करूच, पण आधी एक गृहीत तपासू. मेल अडले म्हणजे मेलनेच जागा भरली, असे तुम्ही धरून चालला आहात. गूगलच्या मोफत खात्याला मिळणारी 15 जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून एकच असते. तिघांचे वेगवेगळे वाटे नसतात. इमारतीच्या गच्चीवर टाकी एकच असेल तर मागच्या मोरीतला नळ उघडा राहिला तरी कोरडे पडते ते स्वयंपाकघर. जीमेलचे इथे तसेच होते. जागा संपली की फोटोंचा बॅकअप एखादी सूचना दाखवून थांबतो आणि ती सूचना आपण बाजूला सारतो. ड्राइव्हमध्ये नवी फाइल चढत नाही, पण ती रोज चढवायची नसते. मेल मात्र दुसरी माणसे पाठवत असतात, त्यांचे मेल परत जातात आणि ती तुम्हाला फोन करतात. म्हणून दुखणे मेलमध्ये आहे असे वाटते.

तेव्हा काहीही पुसण्याआधी मोजा. मोजताना दोन प्रश्न वेगळे ठेवा: आज सर्वांत जास्त जागा कुणाकडे आहे, आणि दर महिन्याला कुणाची वाढते आहे. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने आजची अडचण सुटते. दुसऱ्याचे उत्तर नसेल तर सहा महिन्यांनी पुन्हा हेच पत्र लिहावे लागेल.

संगणकावर ब्राउझर उघडा आणि हा पत्ता टाका:

```
one.google.com/storage
```

पान उघडल्यावर उजव्या कोपऱ्यातले चित्र पाहून खाते तेच आहे ना, याची खात्री करा. एकाच फोनवर किंवा संगणकावर घरातल्या दोघा-तिघांची खाती असली की भलत्याच खात्याचे आकडे पाहिले जातात आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. पानावर एक पट्टी आणि तिच्याखाली प्रत्येक सेवेचा आकडा दिसेल. ते आकडे तारखेसह कागदावर लिहून ठेवा.

तुमच्या पानावरचे आकडे पत्रात नाहीत, म्हणून तुमच्यासारख्या खात्यात सहज दिसू शकतील असे नमुन्याचे आकडे घेऊ: फोटोज 8.1 जीबी, ड्राइव्ह 3.2, जीमेल 2.4 आणि फोनवरच्या ॲपचे बॅकअप 1.1. बेरीज 14.8. यातली 2.4 जीबी जीमेलने 2009 पासून, म्हणजे दीड दशकाहून जास्त काळात साठवली आहे. वर्षाला दीडशे एमबीच्या आसपास. फोटोजची 8.1 जीबी मात्र बहुतेक 1 जून 2021 नंतरची असणार. त्या तारखेपर्यंत ‘हाय क्वालिटी’ या सेटिंगवर चढवलेले फोटो आणि व्हिडिओ मोजणीत धरले जात नव्हते. त्यानंतर चढवलेला प्रत्येक फोटो धरला जातो. म्हणजे तुमचे जुने मेल आणि अलीकडचे फोटो यांच्या वाढीच्या वेगात दहापटीच्या आसपास फरक पडू शकतो. तुमचे खरे आकडे वेगळे निघतील, कदाचित ड्राइव्ह पुढे असेल. पण वाचायचे असेच.

आता तुमच्या दोन दिवसांच्या कष्टांचे काय झाले ते पाहू. जाहिरातीचा मेल साधारण 75 केबीचा धरला तर चार हजार मेलचे होतात 300 एमबी, म्हणजे 0.3 जीबी. तेही अजून मोकळे झालेले नाहीत, कारण पुसलेला मेल कचरापेटीत जातो, तिथे 30 दिवस राहतो आणि त्या 30 दिवसांत मोजणीत धरला जातो. याउलट एखाद्या सभासदाने पाठवलेली 20 एमबीची एकच पीडीएफ अशा सुमारे 270 जाहिरातींएवढी जागा घेते. मेलच्या संख्येवरून जागेचा अंदाज कधीच येत नाही, पण न वाचलेल्या मेलचा आकडा डोळ्यांसमोर असतो म्हणून तोच खुपतो.

फोनवर दाबलेल्या त्या बटणाचे काम तर पूर्ण वेगळे आहे. ज्या फोटोंची प्रत गूगलच्या खात्यात पोहोचली आहे, ते फोटो ते बटण फोनमधून काढते. फोनची जागा मोकळी होते, खात्याची एक केबीही नाही. आणि यातून एक नवी जोखीम आली आहे: त्या फोटोंची फोनमधली प्रत आता गेली, खात्यातली प्रत हीच एकमेव. म्हणून यापुढे फोटोजमध्ये काहीही पुसताना आधी ते संगणकावर उतरवून घ्या. गूगल फोटोज ॲपमधून फोटो पुसला की तो खात्यातून जातो आणि फोनवर असेल तर तिथूनही जातो, हेही लक्षात असू द्या. ही दोन बटणे एकच समजल्यामुळे लोकांचे बारशाचे आणि लग्नाचे फोटो कायमचे गेलेले आहेत.

सभासदांचे मेल लगेच सुरू व्हायला हवेत, म्हणून पहिले काम तिन्ही कचरापेट्या रिकाम्या करण्याचे. त्या तीन आहेत आणि एकमेकींना ओळखत नाहीत. जीमेलमध्ये डावीकडच्या यादीत `Bin` किंवा `Trash` असते. उघडल्यावर वरच ती रिकामी करण्याचा दुवा दिसतो. तसाच `Spam` हा भागही रिकामा करा, तोही मोजला जातो. ड्राइव्हची कचरापेटी ड्राइव्हच्या डावीकडच्या यादीत आहे, तिथेही वस्तू 30 दिवस राहतात. फोटोजची `photos.google.com/trash` या पत्त्यावर मिळेल. बॅकअप झालेले फोटो तिथे 60 दिवस पडून राहतात. रिकाम्या करण्याआधी प्रत्येकीवरून एकदा नजर फिरवा, कारण नंतर परत मिळवण्याची वाट नाही. आकडा लगेच हलला नाही तर घाबरू नका, मोजणी अद्ययावत व्हायला एखादा दिवस जाऊ शकतो. त्या दिवसात आणखी घाईने पुसत सुटू नका.

जे मेल पाठवणाऱ्यांकडे परत गेले, ते कुठेही थांबलेले नाहीत. जागा झाल्यावर ते आपोआप येणार नाहीत. त्या पंधरवड्याचे मेल पुन्हा पाठवा, अशी सूचना संस्थेच्या फलकावर लावा.

आता सर्वांत मोठ्या वाट्याकडे, म्हणजे नमुन्यातल्या फोटोजकडे. संगणकावर हा पत्ता उघडा:

```
photos.google.com/quotamanagement
```

इथे मोठे फोटो आणि व्हिडिओ, स्क्रीनशॉट, धूसर फोटो असे वेगळे गठ्ठे मिळतात. स्क्रीनशॉट आणि धूसर फोटो काढायला सोपे वाटतात, पण सुरुवात तिथून नको. साधा फोटो 3 ते 5 एमबीचा, स्क्रीनशॉट त्याहून लहान. व्हिडिओचे गणितच वेगळे. 1080पी दर्जाचे एका मिनिटाचे चित्रण बऱ्याच फोनवर 100 ते 130 एमबी घेते, 4के दर्जाचे त्याच्या दुप्पट-तिप्पट. वार्षिक सर्वसाधारण सभेचे 22 मिनिटांचे चित्रण कुणी तुमच्या फोनवर केले असेल, तर मिनिटाला 125 एमबी धरून ते 2.75 जीबी झाले. म्हणजे एक फाइल तुमच्या सगळ्या मेलपेक्षा मोठी. अशा दोन-तीन फाइली सापडल्या की निम्मे काम झाले.

ती फाइल उघडा, संगणकावर उतरवा, सुरुवातीला, मधे आणि शेवटी चालवून पाहा, बाहेरच्या हार्ड डिस्कवर तिची आणखी एक प्रत ठेवा आणि मगच खात्यातून पुसा. नंतर कचरापेटी. हा क्रम कंटाळवाणा आहे, पण अर्धवट उतरलेली फाइल नाव तेच दाखवते आणि सातव्या मिनिटाला थांबते, हे पुसल्यावर कळून उपयोग नसतो.

फोटोजमध्ये एक फसगत नेहमी होते. माणसे सर्वांत जुने फोटो आधी काढायला घेतात: 2016चा गणपती, 2018ची सहल. हे फोटो जून 2021 च्या आधी हाय क्वालिटीवर चढवले असतील तर त्यांची मोजणी शून्य आहे. हजार फोटो पुसले तरी आकडा जागचा हलणार नाही आणि फोटो मात्र जातील. एखादा जुना फोटो संगणकावर उघडून माहितीचे चिन्ह दाबलेत तर तो खात्यातली जागा घेतो की नाही हे तिथे लिहिलेले दिसते. चार-पाच वेगवेगळ्या वर्षांचे फोटो असे तपासले की तुमच्या खात्यात रेघ कुठे आहे ते समजेल. त्या काळी ‘ओरिजिनल’ हे सेटिंग असेल तर मात्र ते फोटो पहिल्यापासून मोजले गेले आहेत.

पुसायचे काहीच नसेल तर दर्जा कमी करण्याचाही मार्ग आहे. जागेच्या त्याच पानावर मूळ दर्जाचे फोटो-व्हिडिओ ‘स्टोरेज सेव्हर’ दर्जात बदलण्याची सोय मिळते. त्यात 16 मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो तेवढ्यावर आणि 1080पीपेक्षा वरचे व्हिडिओ 1080पीवर आणले जातात. घरी पाहायला आणि साध्या आकारात छापायला हे पुरते. पण बदल एकदा झाला की मूळ प्रत खात्यात उरत नाही, आणि तो निवडक फोटोंवर करता येत नाही, सगळ्यांवर होतो. ज्यांना मूळ दर्जा हवाच आहे असे फोटो आधी उतरवून घ्या.

आता वाढीच्या प्रश्नाकडे वळू. अँड्रॉइड फोन असेल तर इथे बहुतेकदा व्हॉट्सॲप निघते, आणि ते दोन दारांनी आत येते. एके काळी व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या खात्यात ठेवला तरी तो मोजला जात नसे. ही सवलत संपवण्याची घोषणा नोव्हेंबर 2023 मध्ये झाली आणि पुढच्या काही महिन्यांत ती टप्प्याटप्प्याने बंद झाली. तुमचा बॅकअप किती मोठा आहे ते ड्राइव्हच्या फाइलींच्या यादीत दिसत नाही, म्हणून तो कुणाच्या लक्षातच येत नाही. तो वेगळ्या पत्त्यावर असतो:

```
drive.google.com/drive/backups
```

तिथे जुन्या, विकून टाकलेल्या फोनचाही बॅकअप सापडू शकतो. तो निःशंकपणे काढा. चालू फोनच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप मात्र इथून पुसू नका. पुसलात आणि उद्या फोन हरवला तर सगळे संवाद गेले. तो लहान करायचा असेल तर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये `Chats`, मग `Chat backup` इथे जा आणि व्हिडिओ समाविष्ट करण्याचे बटण बंद करा. मग `Storage and data` मध्ये `Manage storage` उघडा. तिथे 5 एमबीपेक्षा मोठ्या आणि पुष्कळदा पुढे पाठवल्या गेलेल्या फाइली वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात, आणि खाली कुठल्या गटाने किती जागा घेतली तेही दिसते. संस्थेचा गट आणि नातेवाइकांचा गट बहुधा वरच असतील. इथे साफसफाई करून पुढचा बॅकअप होऊ दिला की खात्यातला आकडा उतरतो, आधी नाही.

दुसरे दार जास्त मोठे. गूगल फोटोज कॅमेऱ्याच्या फोटोंबरोबर फोनवरच्या इतर फोल्डरांचाही बॅकअप घेऊ शकते, आणि त्यात व्हॉट्सॲपच्या चित्रांचे आणि व्हिडिओंचे फोल्डर कधीतरी चालू केलेले असते. मग सकाळी आलेली शुभेच्छांची चित्रे, सणांचे व्हिडिओ आणि गटात पाच जणांनी पाठवलेली तीच क्लिप, हे सगळे एकदा व्हॉट्सॲपच्या बॅकअपमध्ये आणि पुन्हा फोटोजमध्ये जमा होते. फोटोजच्या सेटिंगमध्ये `Backup` आणि त्यात `Back up device folders` इथे जाऊन व्हॉट्सॲपची फोल्डरे बंद करा. यामुळे आधी चढलेले काही निघणार नाही, पण रोजची भर तिथेच थांबेल. या पत्रातली एकच गोष्ट आज करायची असेल तर ही करा. आयफोनवर व्हॉट्सॲपचा बॅकअप ॲपलच्या आयक्लाउडमध्ये जातो, त्यामुळे पहिले दार तिथे नाही. दुसरे मात्र असू शकते, कारण व्हॉट्सॲपने फोनच्या गॅलरीत साठवलेले फोटो गूगल फोटोज तिथूनही उचलते.

ड्राइव्हचे काम लवकर उरकते. `drive.google.com/drive/quota` या पत्त्यावर तुमच्या मालकीच्या सगळ्या फाइली आकारानुसार लावलेल्या दिसतात, सर्वांत मोठी वर. पहिल्या वीस फाइली पाहिल्या की पुरे. इथे तुमच्या पदामुळे एक मुद्दा महत्त्वाचा आहे: ड्राइव्हमधली फाइल ज्याने चढवली त्याच्या खात्यात मोजली जाते, ज्यांना ती दिसते त्यांच्या नाही. खजिनदारांनी तुमच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवलेला ताळेबंद त्यांच्या जागेत आहे. तुम्ही सगळ्या सभासदांसाठी ठेवलेले स्कॅन तुमच्या जागेत. ‘माझ्याबरोबर शेअर केलेले’ या भागातल्या फाइली काढून म्हणूनच काही मिळत नाही.

संस्थेचे स्कॅन बहुतेकदा गरजेपेक्षा जड असतात. झेरॉक्सच्या दुकानात 300 डीपीआयवर रंगीत स्कॅन केलेले ए4 पान दीड-दोन एमबीचे सहज होते. 200 पानांचे इतिवृत्त म्हणजे 300 ते 400 एमबी. तेच पान 200 डीपीआयवर करड्या छटांत केले तर त्याच्या पाचव्या हिश्शात बसते आणि वाचायलाही स्पष्ट असते. शिक्के आणि निळ्या शाईच्या सह्या रंगात दिसायला हव्यात असे कागद तेवढे रंगीत ठेवा. लेखापरीक्षणाचे आणि मालमत्तेचे कागद जागेसाठी पुसण्याचा विचारही नको; ते हलवायचे.

तुमच्या खात्याला जोडलेली काही ॲप ड्राइव्हमध्ये न दिसणारी माहिती ठेवतात, तीही मोजली जाते. फाइलींची बेरीज आणि ड्राइव्हचा आकडा यांत मोठा फरक पडला तर ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये `Manage apps` पाहा. तिथे ज्या ॲपसमोर लपलेल्या माहितीचा आकार लिहिला आहे, त्याच्या `Options` मधून ती काढता येते. ते ॲप वापरात नसेल तरच काढा.

आता जीमेल. नमुन्यातल्या 2.4 जीबीमधून फार मिळणार नाही, पण जे मिळते ते वीस मिनिटांत मिळते. जीमेलमध्ये आकारानुसार क्रम लावण्याचे बटण नाही. शोधपेटीत असे लिहावे लागते:

```
has:attachment larger:10M
in:sent larger:5M
larger:5M older_than:3y
```

पहिल्या ओळीने जोडलेल्या फाइलींसह 10 एमबीहून मोठे मेल मिळतात. दुसरीने तुम्हीच पाठवलेले मोठे मेल दिसतात आणि सचिवांच्या खात्यात हा खजिना असतो. मुळात ती फाइल तुमच्या संगणकावर किंवा ड्राइव्हमध्ये असते आणि पाठवलेल्या मेलमध्ये तिची पुन्हा एक प्रत मोजली जात असते. सभेची सूचना चार वेगवेगळ्या मेलने पाठवली असेल तर चार प्रती. तिसरी ओळ तीन वर्षांहून जुने मोठे मेल काढते.

पुसण्याआधी जीमेलच्या सेटिंगमध्ये `Conversation view` बंद करा. ते चालू असते तेव्हा यादीतली एक ओळ म्हणजे एक मेल नसतो, तो अख्खा संवाद असतो. एका जड जोडणीसाठी ती ओळ पुसली की तिच्यातले आधीचे-नंतरचे सगळे मेल जातात: थकबाकीची नोटीस, सभासदाचे उत्तर, तुमचे प्रत्युत्तर, सगळे. सचिवाला हे परवडणार नाही. मेल ठेवून फक्त जोडलेली फाइल काढायची सोय जीमेलमध्ये नाही. मजकूर हवाच असेल तर तो मेल पीडीएफ म्हणून छापून ठेवा, जोडणी उतरवून घ्या आणि मग मेल पुसा. आणि एखादी जोडणी ‘ड्राइव्हमध्ये ठेवा’ या बटणाने हलवून जागा वाचत नाही. मेलमध्ये ती असतेच, ड्राइव्हमध्ये दुसरी होते.

नमुन्याचा हिशेब पूर्ण करू. सभेचे एक चित्रण गेले, 2.75. आणखी तीन-चार लांब व्हिडिओ उतरवून काढले, धरा 1.5. बॅकअप 1.1 वरून 0.4 वर आला, 0.7 सुटली. ड्राइव्हमधले दुबार स्कॅन 0.6. जीमेलमधल्या जड जोडण्या आणि तुमच्या चार हजार जाहिराती मिळून 0.7. एकूण 6.25 जीबी मोकळी, म्हणजे आकडा 8.55 वर. त्यात व्हिडिओंचा वाटा दोन-तृतीयांशाहून जास्त, तुमच्या जाहिरातींचा विसाव्या हिश्शाएवढा.

मुलाचे म्हणणे चूक नाही. फोटोज दरवर्षी दीड-दोन जीबीने वाढत असेल आणि ते फोटो तुम्हाला हवे असतील, तर कधीतरी जागा विकत घ्यावीच लागेल, आणि 100 जीबीची योजना घरातल्या आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येते. एकमेकांचे मेल-फोटो त्यामुळे कुणाला दिसत नाहीत. पण दोन गोष्टी जाणून पैसे भरा. योजना बंद केलीत की मर्यादा पुन्हा 15 जीबीवर येते, त्यावरचे काही लगेच पुसले जात नाही, पण मेल पुन्हा अडतात. आणि खाते दोन वर्षे मर्यादेबाहेर राहिले तर गूगल त्यातला मजकूर काढू शकते. दुसरे, व्हॉट्सॲपची फोल्डरे चालू ठेवून पैसे भरलेत तर तुम्ही पैसे देऊन शुभेच्छांची चित्रे साठवाल. म्हणून आधी ते बंद करा, वर सांगितलेली साफसफाई करा, एक महिना थांबून तेच पान पुन्हा उघडा आणि लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. महिन्याला शंभर एमबीच्या आत वाढ असेल तर मोकळी झालेली 6 जीबी पाच वर्षे पुरेल आणि पैसे भरायचे कारण नाही. तीनशे एमबी असेल तर पावणेदोन वर्षे. तेव्हा मुलाचे ऐका.

नवे खाते जागेसाठी उघडू नका. दोन खाती झाली की कुठला कागद कुठे आहे हे शोधण्यात वेळ जातो, आणि ज्या खात्यात वाढ होते आहे ते पुन्हा भरतेच. संस्थेसाठी मात्र वेगळे खाते हवे, आणि त्याचे कारण जागा नाही. उद्या सचिवपद दुसऱ्या कुणाकडे गेले तर आज संस्थेची कागदपत्रे तुमच्या घरच्या फोटोंच्या आणि बँकेच्या मेलच्या खात्यात अडकलेली आहेत. संस्थेच्या नावाचे खाते काढा, त्याचा पासवर्ड आणि पासवर्ड परत मिळवण्यासाठीचा फोन नंबर कार्यकारिणीच्या नोंदीत ठेवा, पुढच्या सूचना त्यावरूनच पाठवा आणि जुन्या खात्यावर येणाऱ्या संस्थेच्या मेलसाठी तिकडे वळवण्याचा नियम लावा. ड्राइव्हमधले संस्थेचे फोल्डर संगणकावर उतरवून नव्या खात्यात पुन्हा चढवा. नुसते शेअर केलेत तर फाइली तुमच्याच जागेत राहतील आणि तुम्ही त्या पुसल्यात की संस्थेकडूनही जातील.

हे सगळे एकदम उतरवायचे झाले तर गूगलची `takeout.google.com` ही सोय आहे. तिथे कुठल्या सेवेचे काय हवे ते निवडता येते आणि झिप फाइलींचे गठ्ठे मिळतात. गठ्ठा कुठे पाठवायचा असे विचारले जाईल तेव्हा ‘ड्राइव्हमध्ये टाका’ निवडू नका, कारण ते गठ्ठे तुमच्याच भरलेल्या 15 जीबीत यायला बघतील. मेलने दुवा मागवा. तो काही दिवसच चालतो, म्हणून ज्या दिवशी येईल त्याच दिवशी सगळे गठ्ठे उतरवा, प्रत्येक उघडून पाहा आणि खात्यातून पुसण्याचे काम त्यानंतर हाती घ्या.